फुली कुठल्या कोनिकलखाली होती?

जुलैचा दुसरा आठवडा, देवगडच्या बाजूचं आमचं कनिष्ठ महाविद्यालय, बारावीची दुपारची बॅच. बाहेर पाऊस असा की समोरची आंब्याची कलमंही दिसत नव्हती. खिडकीजवळच्या टेबलावरच्या तीन मुलींनी माझ्यापुढे जर्नल धरलं. थायोसल्फेट आणि आम्लाचा प्रयोग, थायोसल्फेटची ऑर्डर, म्हणजे त्याच्या संहतीच्या कितव्या घाताप्रमाणे वेग बदलतो ते काढायचं होतं आणि आलेख काढून उत्तर आलं होतं 1.38. पुस्तकात 1. खाली पेन्सिलने एक ओळ तयारच होती: "प्रायोगिक त्रुटींमुळे उत्तरात फरक पडला."

ही ओळ मी दरवर्षी खोडते. त्रुटी कुठली, किती, आणि ती उत्तराला कुठल्या दिशेने ढकलते हे सांगता येत नसेल तर त्या ओळीला काही अर्थ नाही. त्या दिवशी वेळ होता, पुढचा तास रिकामा होता. म्हणून म्हटलं, बसा, आज ही त्रुटी पकडूच.

प्रयोग दिसायला अगदी साधा आहे. पांढऱ्या कागदावर काळ्या पेनाने फुली काढायची, तिच्यावर शंकुपात्र, म्हणजे आमच्या भाषेत कोनिकल, ठेवायचं. त्यात सोडियम थायोसल्फेटचं द्रावण, वरून हायड्रोक्लोरिक आम्ल. आम्ल पडलं की लगेच काहीच होत नाही, द्रावण पाण्यासारखं राहतं. मग हलकी निळसर झाक येते, मग दुधी, मग पिवळट पांढरं, आणि वरून पाहताना फुली विरत जाऊन एका क्षणी नाहीशी होते. तेवढा वेळ स्टॉपवॉचवर मोजायचा. घडतं ते असं:

Na2S2O3 + 2HCl → 2NaCl + SO2 + S + H2O

फुली झाकणारं ते S, गंधक. पाण्यात न विरघळता बारीक कणांच्या रूपाने तरंगत राहतं आणि प्रकाश विखुरतं. SO2 नाकाला झोंबतो. पावसाळ्यात आम्ही खिडक्या घट्ट लावून बसतो, पण या प्रयोगाला निदान दोन तरी उघड्या ठेवाव्या लागतात, आणि दम्याचा त्रास असलेल्या मुलांना खिडकीकडे बसवावं लागतं. वाचन झालं की कोनिकल ताबडतोब सोडा घातलेल्या बादलीत रिकामं करायचं. अर्धा तास तसंच राहिलं तर गंधक काचेला चिकटतं आणि मग ब्रश घेऊन मामा (आमचे प्रयोगशाळा सहायक, सगळे त्यांना मामाच म्हणतात) दिवसभर बडबडतात.

आता या वेळेचा आणि वेगाचा संबंध काय? फुली नाहीशी होते तेव्हा दरवेळी साधारण तितकंच गंधक तयार झालेलं असतं, एवढं गृहीत धरायचं. तितकंच गंधक व्हायला कमी वेळ लागला म्हणजे वेग जास्त. म्हणून वेळेच्या व्यस्ताला, 1/t ला, वेगाच्या जागी वापरता येतं. गंधक किती ग्रॅम झालं हे कळायची गरज नाही, ते दरवेळी सारखं असलं की पुरे. या प्रयोगाचा सगळा डोलारा "दरवेळी सारखं" या दोन शब्दांवर उभा आहे, आणि मुलींचं 1.38 तिथेच घसरलं होतं. पण हे आम्हाला नंतर कळलं.

त्यांनी केलं होतं ते असं. 0.1 मोलर थायोसल्फेटचं द्रावण ब्युरेटने 50, 40, 30, 20 आणि 10 मिली घेतलं, प्रत्येकात पाणी घालून 50 मिली केलं, आणि दरवेळी 2 मोलर आम्लाचे 5 मिली ओतले. म्हणजे एकूण आकारमान कायम 55 मिली आणि आम्लही तितकंच, बदललं फक्त थायोसल्फेट. त्यामुळे किती मिली थायोसल्फेट घेतलं तो आकडाच संहतीच्या प्रमाणात धरता येतो, मोलरमध्ये बदलत बसायची गरज नाही. इथपर्यंत सगळं बरोबर होतं. वेळा आल्या त्या या:

| थायोसल्फेट (मिली) | वेळ (सेकंद) | मिली × सेकंद |
|---|---|---|
| 50 | 36 | 1800 |
| 40 | 45 | 1800 |
| 30 | 61 | 1830 |
| 20 | 142 | 2840 |
| 10 | 304 | 3040 |

तिसरा रकाना त्यांच्या जर्नलमध्ये नव्हता, तो मी त्यांच्याकडून तिथेच लिहून घेतला. वेग आणि संहती यांच्या लॉगचा आलेख, ज्याचा चढ म्हणजेच ऑर्डर, काढण्याआधी हा गुणाकार करून पाहण्याची सवय मला फार उपयोगी पडली आहे. ऑर्डर 1 असेल तर संहती निम्मी झाली की वेळ दुप्पट व्हायला हवी, म्हणजे मिली गुणिले सेकंद हा आकडा जागचा हलता कामा नये. ऑर्डर शून्य असेल तर वेळच हलणार नाही. ऑर्डर 2 असेल तर संहती निम्मी होताच वेळ चौपट, मग हा गुणाकार दुप्पट होईल. कॅल्क्युलेटरशिवाय, उभ्या उभ्या कळतं.

तिघींनी रकाना पूर्ण केला आणि एकीच्या लक्षात लगेच आलं. "मॅडम, हे हळूहळू नाही वाढलं. एकदम उडी मारलीय."

ही उडी लॉगच्या आलेखात लपली होती. आलेखावर पाच बिंदू टाकायचे, पट्टी ठेवायची आणि त्यांच्यातून जमेल तशी सरळ रेघ ओढायची, असं आपण शिकवतो. मुली तसंच करतात. दोन बिंदू वर राहिले, दोन खाली राहिले की "चांगली रेघ आली" म्हणतात, आणि चढ 1.38 निघतो. पण प्रत्येक टप्प्याचा चढ वेगळा काढून पाहिला तर चित्र निराळंच होतं. 50 ते 30 मिलीपर्यंत चढ 1.03. 20 ते 10 मध्ये 1.1. दोन्ही एकच्या जवळ. आणि मधल्या एकाच पायरीत, 30 वरून 20 वर येताना, चढ 2.08! अभिक्रियेची ऑर्डर अशी मधल्या एका पायरीपुरती बदलून पुन्हा जागेवर येत नाही. तिथे दोन समांतर रेघा होत्या, आणि आम्ही त्यांच्यातून तिसरीच तिरकी रेघ ओढून तिला ऑर्डर म्हणत होतो.

म्हणजे 30 मिलीचं वाचन झाल्यावर आणि 20 मिलीचं सुरू होण्याआधी काहीतरी बदललं होतं. काय?

"लाईट गेली होती मॅडम!" तिघी एकदमच म्हणाल्या. खरंच गेली होती. कोकणात पावसाळ्यात वीज जाणं ही बातमी नसते, त्यामुळे ती त्यांनी जर्नलमध्ये लिहिलीही नव्हती. ट्यूबलाईट बंद, उरला फक्त खिडकीतला ढगाळ उजेड. आरोपी हाताशी लागला असं त्यांना वाटलं. मलाही क्षणभर वाटलं. पण अंधारात फुली आधीच पुसट दिसते, मग ती लवकर नाहीशी व्हायला हवी. इथे तर वेळ वाढली होती. शंका होती, पण तर्कावर सोडण्यापेक्षा करून पाहणं सोपं होतं. वीज अजून आलीच नव्हती. एकीने शेजारच्या टेबलावरच्या सामानाने 50 मिलीचं वाचन त्याच अंधुक उजेडात पुन्हा घेतलं. 37 सेकंद. आधीच्या 36 ला 37. वीज सुटली.

मग तापमान. पाऊस लागला की हवा गार होते, द्रावणही. त्यांनी तापमापी द्रावणातच बुडवून पाहिली होती, ही मात्र चांगली सवय. सुरुवातीला 28 अंश, शेवटी साडेसत्तावीस. दहा अंशांना वेग साधारण दुप्पट होतो असं धरलं तर एका अंशाला सातेक टक्के. अर्ध्या अंशाने तीन-चार टक्के फरक पडेल. आपल्याला समजून घ्यायची होती ती 1830 वरून 2840 ची उडी, म्हणजे पंचावन्न टक्के. तेवढ्यासाठी द्रावण सहा अंशांनी गार व्हायला हवं होतं. तसं झालं असतं तर आम्हीच स्वेटर घालून बसलो असतो.

तिसरा संशय एकीने स्वतःच काढला आणि तो मला सगळ्यात आवडला. थायोसल्फेटचे स्फटिक. आमच्याकडे जून लागला की बरणीतले स्फटिक ओलसर होतात, एकमेकांना चिकटतात. लिटरभर 0.1 मोलर द्रावणाला 24.8 ग्रॅम स्फटिक लागतात, पण त्या 24.8 मध्ये हवेतलं पाणी किती आणि मीठ किती हे कोण सांगणार? द्रावण 0.1 मोलर नसेल, 0.09 असेल. असेल. पण पाचही वाचनं त्याच एका बाटलीतून झाली होती. बाटली दहा टक्क्यांनी पातळ असेल तर पाचही वेळा सारख्याच प्रमाणात लांबतील, रेघ अख्खीच्या अख्खी खाली सरकेल, पण तिचा चढ तोच राहील. ऑर्डर चढावर ठरते. ओल्या स्फटिकांनी वेगाचा स्थिरांक चुकेल, ऑर्डर नाही. हे तिला फळ्यावर मांडून दाखवावं लागलं नाही. तिनेच ते अर्ध्यात ओळखलं आणि प्रश्न मागे घेतला.

आता उरलं काय? पाणी तितकंच, आम्ल तितकंच, बाटली तीच, घड्याळ तेच, पाहणारी मुलगीही तीच. मी विचारलं, "फुली तीच होती का?"

"फुली तीच. कागद तोच."

"आणि कोनिकल?"

तिघी गप्प. मग एकजण हळूच म्हणाली की तिसऱ्या वाचनानंतर धुताना कोनिकल बेसिनवर आपटून फुटलं होतं. मामांनी दुसरं दिलं. मामा दारातच होते, त्यांनीही कबूल केलं. शंभर मिलीचं शिल्लक नव्हतं म्हणून अडीचशेचं काढून दिलं, आणि देताना म्हणालेही होते, "ता फुटला, ह्या घे गो बाय. पाणी तितक्याच घालूचा आसा."

पाणी तितकंच होतं, हे खरं. मुलींच्या दृष्टीने आकारमान कायम राहिलं होतं, मग भांडं लहान की मोठं याने काय बिघडणार? रसायनाच्या बाजूने काहीच बिघडत नाही. संहती तीच, वेग तोच. बिघडतं ते पाहण्यात. आपण वरून खाली बघतो, आणि डोळा व फुली यांच्यामध्ये गढूळ द्रावणाचा जो थर असतो तो फुली झाकतो. थर जाड असेल तर थोडी गढूळताही पुरते. पातळ असेल तर जास्त लागते.

पट्टी घेऊन मोजलं. 55 मिली पाणी शंभरच्या कोनिकलमध्ये (शेजारच्या टेबलावरून मागून आणलं) तळापासून 2.1 सेंटिमीटर चढलं. अडीचशेच्या कोनिकलमध्ये जेमतेम 1. तळ रुंद, म्हणून पाणी पसरलं. थर निम्म्याहूनही कमी झाला होता. म्हणजे ज्या गंधकाला आम्ही "दरवेळी सारखं" म्हणत होतो ते शेवटच्या दोन वाचनांत सारखं नव्हतं. मोठ्या भांड्यात फुली झाकायला प्रत्येक मिलीमध्ये जास्त गंधक तयार व्हायची वाट पाहावी लागली होती.

कारण सापडलं असं वाटलं तरी मी थांबले नाही, कारण वीज गेल्याचं कारणही असंच पटलं होतं. म्हटलं, आधी भाकीत लिहा, मग प्रयोग. उडी भांड्यामुळे असेल तर ती संहतीवर अवलंबून नसावी. 50 मिलीचं वाचन मोठ्या कोनिकलमध्ये घेतलं तर 36 च्या पंचावन्न टक्के जास्त, म्हणजे 56 सेकंदांच्या आसपास यायला हवं. जर्नलच्या कडेला 56 लिहिलं. मग वाचन घेतलं. 55.

इथे एक गोष्ट खटकते आणि ती एका मुलीला खटकलीच. थर 2.1 वरून 1 वर आला, मग गंधकही दुपटीहून जास्त लागायला हवं आणि वेळही दुपटीहून जास्त. मग दीडपटच का?

याचं उत्तर त्या निळसर झाकेत आहे. गंधक तयार झालं की लगेच कण बनत नाहीत. आधी ते द्रावणात साठतं, विरघळण्याच्या मर्यादेपलीकडे जातं, आणि मग एकदम पुष्कळ बारीक कणांची बीजं पडतात. त्यानंतर नवं गंधक बहुतेक याच कणांवर बसतं आणि ते वाढत जातात. अमेरिकेतल्या व्हिक्टर ला मेर आणि रॉबर्ट डिनेगार यांनी 1950 साली कण कसे जन्मतात आणि वाढतात याचं जे विवेचन मांडलं, ते याच थायोसल्फेट-आम्लाच्या गंधकावर. सुरुवातीचे कण इतके बारीक असतात की ते निळा प्रकाश जास्त विखुरतात, म्हणून द्रावण निळसर दिसतं. कण मोठे होऊ लागले की तितक्याच गंधकाच्या वाढीला प्रकाश कितीतरी जास्त विखुरला जातो. म्हणजे गढूळता वेळेच्या प्रमाणात सरळ वाढत नाही, आधी सुस्त असते आणि मग धावत सुटते. पातळ थरात दुपटीची गढूळता लागली तरी ती गाठायला दुप्पट वेळ लागत नाही, कारण शेवटच्या टप्प्यात ती वेगाने येते. दीडपट हा आकडा तिथून आला.

यातून हेही कळतं की फुलीने वेग मोजणं ही थोडी उधारीवरची पद्धत आहे. घड्याळात जे दिसतं त्यात रासायनिक अभिक्रियेचा वेळ आहे, बीजं पडण्याचा आहे आणि कण वाढण्याचाही आहे. भांडं, थर, फुलीची शाई, पाहणारा डोळा सगळं तेच ठेवलं तर या बाकीच्या गोष्टी सगळ्या वाचनांत साधारण सारख्या वाटून जातात आणि ऑर्डर बऱ्यापैकी खरी निघते. यातलं एकही बदललं की ते ऑर्डरमध्ये घुसतं. आणि घुसताना ओळख देत नाही, कारण लॉगच्या आलेखावर पट्टी सगळं सपाट करते.

तिघींनी 20 आणि 10 मिलीची वाचनं शंभरच्या कोनिकलमध्ये पुन्हा घेतली. 93 आणि 195 सेकंद. गुणाकार 1860 आणि 1950. पाचही बिंदूंतून रेघ ओढली, चढ 1.05.

पुस्तकातलं 1 आणि आपलं 1.05, एवढ्यावर बहुतेक जण जर्नल मिटतात. पण गुणाकाराचा रकाना अजूनही पूर्ण सपाट नव्हता: 1800, 1800, 1830, 1860, 1950. आता उडी नव्हती, पण हळूहळू चढत जाणारी कुरकुर होती, आणि ती कमी संहतीकडे वाढत होती. याचं कारण मुलींना सहज सुचण्यासारखं नव्हतं, म्हणून मीच दिशा दाखवली. फुली झाकायला ठरावीक गंधक लागतं. 50 मिलीमध्ये 5 मिलिमोल थायोसल्फेट आहे, त्यातलं थोडंसंच खर्च होऊन फुली जाते, वेग जवळजवळ सुरुवातीचाच राहतो. 10 मिलीमध्ये थायोसल्फेट मुळात 1 मिलिमोल. तितकंच गंधक काढायला यातला बराच मोठा वाटा खर्चावा लागतो. वाटेतच संहती घसरते, वेग मंदावतो, आणि वेळ अपेक्षेपेक्षा लांबते. आपण "सुरुवातीचा वेग" म्हणत जे मोजतो ते 10 मिलीच्या वाचनात सुरुवातीचं राहिलेलं नसतं.

किती वाटा? उलटा हिशेब मांडता येतो. ही सगळी कुरकुर एवढ्याच कारणाने आहे असं धरलं आणि ऑर्डर नेमकी 1 मानली, तर 10 मिलीमधलं साधारण 18 टक्के थायोसल्फेट खर्च झाल्यावर फुली गेली असं निघतं. म्हणजे 0.18 मिलिमोल गंधक, वजनात सहा मिलिग्रॅमहून किंचित कमी. 50 मिलीमध्ये तेवढंच गंधक म्हणजे चार टक्क्यांहूनही कमी खर्च. सहा मिलिग्रॅम गंधकाने पेनाची फुली झाकते हे ऐकून मामांनी वजनकाट्यावर चिमूटभर गंधक ठेवून पाहिलं. चिमूट बरीच जास्त भरली.

आम्लाची ऑर्डर काढण्याचं काम त्यांच्याकडे होतंच, ते आता लवकर उरकलं, पण त्यातही एक गोम आहे. थायोसल्फेट 25 मिली कायम, पाणी 25 मिली, आणि आम्ल 5, 4, 3, 2, 1 मिली, प्रत्येकात पाणी घालून 5 मिली. वेळा आल्या 74, 75, 77, 82 आणि 104 सेकंद. पहिल्या तीन पाहिल्या की वाटतं आम्ल घटवलं तरी काही फरक नाही, ऑर्डर शून्य. पुस्तकंही बहुधा असंच म्हणतात. पण शेवटच्या पायरीत आम्ल निम्मं केल्यावर वेळ 82 वरून 104 झाली, तिथली ऑर्डर 0.34 पडते. शून्य नाही.

इथे भांडं तेच होतं, थर तोच होता. मग? हिशेब मांडा. 25 मिलीमध्ये थायोसल्फेट 2.5 मिलिमोल. 5 मिली आम्लात 10 मिलिमोल हायड्रोजन आयन, मुबलक. 1 मिलीमध्ये फक्त 2, म्हणजे थायोसल्फेटपेक्षाही कमी. अभिक्रियेची पहिली पायरी म्हणजे थायोसल्फेटच्या आयनाला एक हायड्रोजन आयन चिकटणं, आणि ही पायरी लगेच होते. आम्ल भरपूर असेल तर जवळजवळ सगळ्या आयनांना हायड्रोजन मिळालेला असतो. आणखी आम्ल ओतलं तरी त्यांना दुसरं काही मिळत नाही, म्हणून वेग हलत नाही. आम्ल थायोसल्फेटहून कमी पडलं की काही आयन तसेच मोकळे राहतात आणि वेग आम्लावर अवलंबून राहू लागतो. म्हणून "आम्लाची ऑर्डर शून्य" हे वाक्य एकटं लिहिलं तर मी गुण कापते. आम्ल भरपूर असताना शून्याच्या जवळ, असं लिहिलं तर पूर्ण गुण. पहिल्या मालिकेत 5 मिली आम्ल घेतलं होतं ते 50 मिली थायोसल्फेटलाही पुरून उरेल इतकं होतं, म्हणून तिथे आम्लाचा त्रास झाला नाही. तेच 5 मिली 2 ऐवजी 1 मोलर असते, तर 50 मिलीच्या वाचनात आम्ल थायोसल्फेटइतकंच राहिलं असतं, आणि जास्त संहतीच्या टोकाला वेळ लांबून थायोसल्फेटची ऑर्डर उलट एकच्या खाली आली असती. आमच्याकडे एका वर्षी आम्लाची बाटली बदलल्याने तसं झालंही आहे. 0.8 आलं होतं, आणि त्या मुलांनीही "प्रायोगिक त्रुटी" असंच लिहिलं होतं.

वीज साडेतीनला आली. मुली उठल्या, पण जिने कुरकुरीचा हिशेब मन लावून ऐकला होता ती परत आली. म्हणाली, 18 टक्क्यांचा हिशेब खरा असेल तर 15 मिलीचं वाचन कुठे येईल? आम्ही दोघींनी कॅल्क्युलेटरवर काढलं. 15 मिलीमध्ये तेवढंच गंधक म्हणजे 12 टक्के खर्च, गुणाकार 1880 च्या आसपास, वेळ 125 किंवा 126. तिने मोठ्या कोनिकलला हात न लावता शंभरचं घेतलं, फुलीवर ठेवलं, आम्ल ओतलं, दोनदा गोल फिरवलं आणि घड्याळाकडे न पाहता फक्त फुलीकडे पाहत राहिली. घड्याळ मी धरलं होतं.

"गेली," ती म्हणाली. 126.

जर्नलमधली पेन्सिलची ओळ तिने खोडली आणि त्या जागी लिहिलं: "पहिल्या वेळी शेवटची दोन वाचनं 250 मिलीच्या पात्रात घेतली, थर 2.1 ऐवजी 1 सेंटिमीटर, वेळ दीडपट." पलीकडे मामा बेसिनजवळ उरलेली शंभरची कोनिकलं मोजत होते. पाच निघाली. त्यांच्या मानेला त्यांनी लाल दोरा बांधला आणि ती वेगळ्या फळीवर नेऊन ठेवली.